तीन पट्ट्या, औषध मात्र एकच

"नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले. ऐन ऑक्टोबर छाटणीत आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, आजारी पडले. वय ६४, अंगानं बारीक, वजन ४६ किलो. चार दिवस झाले, ताप १०२-१०३ आणि सांधे इतके धरलेत की उठायला आधार लागतो. गावातल्या डॉक्टरांनी ६५०ची गोळी दिवसातून तीनदा सांगितली, एक इंजेक्शन दिलं आणि कागदाच्या पुडीत काही गोळ्या दिल्या. ताप उतरेना म्हणून आम्ही ६५० पाच वेळा देतोय. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून आणली, ती सकाळ-संध्याकाळ. नाक गळतंय म्हणून सर्दीची तीनदा. जेवण जात नाही, मळमळतं. संध्याकाळी थोडी घ्यायची सवय आहे, ती आजारातही सुटलेली नाही. गोळ्या जास्त होतायत का? की डोस अजून वाढवायला हवा? माझी चार वर्षांची मुलगीही कालपासून तापली आहे, वजन १४ किलो. जाऊबाईंच्या बाळाचे तापाचे ड्रॉप्स घरात आहेत, त्यातले चमचाभर दिले तर चालतील का?"
— एक सून, तासगाव तालुका

ताई, पत्र वाचलं त्याच दुपारी मी तुम्हाला फोन केला. आबांच्या सगळ्या गोळ्या थांबवा, घरातल्या पट्ट्या आणि ती पुडी एका पिशवीत घाला आणि त्यांना आजच्या आज मिरजेला मोठ्या दवाखान्यात न्या, एवढंच तेव्हा बोललो. पोरीला चमचा देऊ नका, हेही सांगितलं. तुम्ही घाबरलात आणि मीही घाईत होतो, त्यामुळे कारण सांगायचं राहून गेलं. ते आता सांगतो. तुमच्या परवानगीनं पत्र छापतोय, कारण असं घर मला दर पावसाळ्यानंतर काउंटरवर भेटतं.

आधी हिशेब करू. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत तीन पट्ट्या आहेत. पहिली तापाची, तिच्यात पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम. दुसरी अंगदुखीची. तिच्यावर मोठ्या अक्षरांत कंपनीनं ठेवलेलं नाव आहे आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय, अ‍ॅसिक्लोफिनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. तिसरी सर्दीची. तिच्यात नाक मोकळं करणारं एक, शिंका थांबवणारं एक आणि जोडीला पॅरासिटामॉल ५००.

म्हणजे आबांच्या पोटात दिवसभरात गेलं ते असं. ६५०च्या पाच गोळ्यांचे ३२५०. अंगदुखीच्या दोन गोळ्यांतून ६५०. सर्दीच्या तीन गोळ्यांतून १५००. बेरीज ५४०० मिलिग्रॅम, आणि हे एका दिवसाचं. पुडीतल्या गोळ्या यात धरलेल्या नाहीत. इंजेक्शनही धरलेलं नाही. गावोगावी तापावर जे इंजेक्शन टोचतात, ते बऱ्याचदा पॅरासिटामॉलचंच असतं.

धडधाकट, पन्नास किलोच्या वरच्या माणसाला चोवीस तासांत ४००० मिलिग्रॅमच्या पुढे जायचं नाही, ही जगभर मानलेली हद्द आहे. पण ती सगळ्यांना सारखी लागू होत नाही. पन्नास किलोच्या आतल्या माणसाचा हिशेब वजनावर करायचा. एका वेळेला किलोमागे १५ मिलिग्रॅम आणि दिवसभरात किलोमागे ६०. आबांचे ४६ किलो धरले तर एका वेळेला ६९० आणि दिवसाला फार तर २७६०. म्हणजे ६५०ची एक गोळी त्यांना एका वेळेसाठी बरोबर मापाची होती. तुमच्या डॉक्टरांनी तीनदा सांगितली होती, त्याचे १९५० होतात. वय, बारीक अंग, पोटात अन्न नाही आणि वर दारू, हे सगळं पाहता मीही तीनच म्हटलं असतं. त्यांना मिळाले ५४००, म्हणजे किलोमागे ११७. किलोमागे ७५च्या वर एक दिवस जरी गेलं असेल, तरी माणसाला तपासून घ्यावं लागतं. इथं ते कित्येक दिवस चाललं होतं.

यात कुणी मूठभर गोळ्या खाल्लेल्या नाहीत. डॉक्टरांचा डोस बरोबर होता. मेडिकलवाल्यानं अंगदुखीला अंगदुखीची गोळी दिली, सर्दीला सर्दीची. तुम्ही वेळच्या वेळी पाणी हातात देऊन गोळ्या दिल्यात. तीन तक्रारींना तीन पट्ट्या आल्या आणि तिन्हींत एकच औषध निघालं. या औषधाचा जास्तीचा डोस आमच्याकडे घरातून असाच जातो, थोडा थोडा आणि काळजीपोटी.

मलाही हा धडा फुकट मिळालेला नाही. दुकान टाकून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका गिऱ्हाइकानं चिठ्ठीवरची ६५० घेतली आणि जाता जाता "सर्दीचं पण काहीतरी द्या" म्हणाला. मी मागे वळलो, फळीवरची पट्टी काढली आणि चार गोळ्या कापून दिल्या. तो गेला आणि उरलेली पट्टी परत ठेवताना मागची बारीक अक्षरं दिसली. पोऱ्याला सायकलवर त्याच्या मागे पिटाळलं. सापडला म्हणून बरं. तेव्हापासून तापाच्या गोळीबरोबर दुसरं काहीही मागितलं की मी आधी पट्टी उलटी करतो.

पट्टी कापण्याबद्दलही सांगून टाकतो. आपल्याकडे दहाची पट्टी कुणी घेत नाही, "तीन द्या, चार द्या" असंच असतं, आणि आम्हीही कात्री चालवतो. अशा तुकड्यावर नाव अर्धवट येतं, कधी नुसती तारीख येते, कधी कोरी चांदी. घरी गेल्यावर ती गोळी कसली हे कुणालाच सांगता येत नाही. मग ती 'पांढरी लांबट गोळी' होते आणि पुढच्या तापाला कपाटातून बाहेर येते. सुटी गोळी घ्यायची असेल तर नाव आणि मिलिग्रॅम असलेला तुकडा मागून घ्या, किंवा दुकानदाराला पाकिटावर पेनानं लिहायला सांगा. आम्ही कुरकुरतो, पण लिहून देतो.

आता नावांचं. डोलो, क्रोसिन, काल्पोल ही माणसं वेगवेगळी औषधं समजतात. "डोलोनं उतरला नाही म्हणून क्रोसिन दिली," असं मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. आत तिन्हींत तेच आहे, पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लाममध्ये ते आयबुप्रोफेनच्या जोडीला असतं. अंगदुखीच्या गोळीच्या नावामागे 'पी' किंवा 'प्लस' लागलं की बहुतेक वेळा तो पॅरासिटामॉलचाच असतो, पण शेपटावर विसंबू नका, कारण कंपन्या नावं आणि माल दोन्ही बदलतात. पट्टीच्या मागची बारीक अक्षरंच खरी. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर शाळेतल्या पोराला सांगा, 'पी, ए, आर, ए'नं सुरू होणारा शब्द शोध आणि त्यापुढचा आकडा वाच. आणि कुणाचा मुलगा अमेरिकेतून गोळ्यांची बाटली घेऊन आला असेल तर तीवर अ‍ॅसिटामिनोफेन असं लिहिलेलं असतं. तेही हेच, दोन नावांचं एक औषध.

तुम्ही तीनच्या पाच का केल्या, ते मला कळतं. दोन तासांनी थर्मामीटर लावला की १०१ दिसायचा आणि वाटायचं, गोळी लागू पडत नाही. पण १०३चा १०१ झाला म्हणजे गोळी लागू पडलेली असते. तिचं काम साधारण अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतं, दोन-तीन तासांत ती जास्तीत जास्त उतरवते आणि चार-सहा तासांनी जोर ओसरतो. ताप एक-दोन डिग्री खाली येणं आणि अंग जरा हलकं होणं, एवढंच ती करते. आजार बरा करत नाही. आत डेंग्यू असो की चिकुनगुन्या, तो आपले दिवस घेणारच, आणि तोवर गोळीचा जोर ओसरला की ताप परत चढणारच. चढलेला दिसला की लगेच दुसरी द्यायची, या सवयीनं सहा तासांचं अंतर चारवर येतं आणि चारचं तीनवर. ठरलेला डोस देऊनही ताप हटत नसेल तर गोळी वाढवायची नसते, तपासणी करायची असते. तीन दिवसांवर ताप गेला की रक्त तपासायलाच हवं, आणि आबांचा चौथा दिवस होता.

लिव्हरला यानं काय होतं, ते थोडक्यात. पोटात गेलेलं पॅरासिटामॉल बहुतेक सगळं लिव्हर निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. थोडासा भाग मात्र दुसऱ्या वाटेनं जातो आणि त्यातून एक विषारी पदार्थ तयार होतो. तो मारायला लिव्हरमध्ये ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो. नेमक्या डोसात साठा पुरतो आणि अन्नातून परत भरतो, म्हणून हे औषध इतकं सुरक्षित समजलं जातं आणि ते खरंही आहे. डोस वाढला की नेहमीच्या वाटा तुंबतात, जास्त माल त्या विषारी वाटेनं वळतो आणि साठा संपतो. साठा संपल्यावर ते विष लिव्हरच्या पेशींनाच चिकटतं आणि त्या मरायला लागतात.

आबांच्या बाबतीत दोन्हीकडून गळती होती. चार दिवस धड जेवण नाही, म्हणजे साठा भरतच नव्हता. रोजच्या दारूनं ती विषारी वाट आधीच रुंद झालेली असते. म्हणून एखाद्या पहिलवानाला जो डोस नुसता जास्त म्हणता येईल, तो उपाशी, बारीक, रोज घेणाऱ्या माणसाला धोक्याचा ठरतो. कावीळ होऊन गेलेल्याला, लिव्हरचं जुनं दुखणं असलेल्याला किंवा टीबीची औषधं चालू असलेल्यालाही तेच लागू. अशा माणसाचा डोस डॉक्टरांना विचारूनच ठरवायचा.

बाहेरून यातलं काही दिसत नाही. पहिल्या दिवशी फार तर मळमळ, उलटी, अन्नावरची वासना गेलेली. घरात ताप चालू असताना हे सगळं तापाच्याच खात्यावर जमा होतं. तुम्हीही तसंच लिहिलंय, "जेवण जात नाही, मळमळतं". ते तापामुळं असेलही. पण हिशेब कळल्यावर मला ते नुसतं तापाचं मानवेना. दुसऱ्या दिवशी कधी कधी माणूस बराही वाटतो. मग उजव्या बरगडीखाली दुखायला लागतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, हिरड्यांतून रक्त येतं, माणूस असंबद्ध बोलतो किंवा गुंगीत पडून राहतो. ही वेळ आलेली असेल तर उशीर झालेला असतो. म्हणून इथं लक्षणांची वाट बघायची नसते, बेरीज बघायची असते. बेरीज चुकली की माणूस खुर्चीत बसून चहा पीत असला तरी दवाखाना गाठायचा.

दवाखान्यात एसजीओटी, एसजीपीटी ही लिव्हरची तपासणी आणि रक्त गोठण्याची, आयएनआरची तपासणी करतात. एकदम जास्त गोळ्या घेतलेल्या असल्या तर रक्तातलं पॅरासिटामॉल मोजून तक्त्यावर ताडता येतं. पण आबांसारखं चार दिवस थोडं थोडं गेलेलं असेल तर तो तक्ता कामाचा नाही. मग डॉक्टरांच्या हातात राहतात तपासण्या आणि तुम्ही सांगितलेला हिशेब. म्हणून पिशवी भरून न्यायला सांगितली, रिकाम्या पट्ट्यांसकट. किती गोळ्या गेल्या, हे रिकाम्या पट्ट्याच नेमकं सांगतात.

यावर उतारा आहे. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन त्याचं नाव, सलाईनमधून देतात, आणि ते तोच संपलेला साठा भरून काढतं. एकदम घेतलेल्या मोठ्या डोसात आठ तासांच्या आत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं, पण उशिरा आलेल्यालाही देतात आणि त्याचा उपयोग होतो. कफासाठी याच नावाची पाण्यात विरघळणारी गोळी दुकानात मिळते. ती आणून घरी पाजणं हा या विषबाधेवरचा इलाज नाही. उलटी करवण्यासाठी मिठाचं पाणीही पाजू नका. पोरानं बाटली तोंडाला लावली किंवा घरातल्या कुणी रागात, दुःखात पट्टीच्या पट्टी घेतली, तर "आता बरा दिसतोय" म्हणून थांबू नका आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. गाडी नसेल तर १०८ला फोन करा.

आता पुढचं. मिरजेतले डॉक्टर परत सुरू करा म्हणतील तेव्हाच आणि ते सांगतील तेवढंच पॅरासिटामॉल आबांना द्यायचं. तोवर ताप चढला तर कोमट पाण्यात फडकं भिजवून अंग पुसा. थंड पाण्यानं नको, हुडहुडी भरते. पेज, ताक, ओआरएस घोट घोट चालू ठेवा. ती संध्याकाळची बाटली मात्र उचलून ठेवा, आबा रागावले तर माझं नाव सांगा.

आणि एक उलटी चूक इथं हमखास होते. पॅरासिटामॉलची धास्ती बसली की माणसं सांध्यांसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा त्याचं इंजेक्शन घेतात. डेंग्यू नाही, हे रक्त तपासून कळत नाही तोवर ते घ्यायचं नाही, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. तुमच्या अंगदुखीच्या पट्टीतलं अ‍ॅसिक्लोफिनॅक त्याच घरातलं आहे, त्यामुळे ती पट्टी दोन कारणांनी चुकीची होती. या मोसमातल्या तापाला पॅरासिटामॉलच बरं, फक्त एकटं आणि मोजून.

मोजून म्हणजे किती, तेही सांगतो, कारण उद्या तुमचे मालक तापले तर लागेल. पन्नास किलोच्या वरचा, लिव्हरची तक्रार नसलेला, न पिणारा माणूस असेल तर ६५०ची एक गोळी आणि पुढची सहा तासांनी. चोवीस तासांत चार. बेरीज २६००. पुस्तकातली हद्द ४००० असली तरी डॉक्टरांना न विचारता घरच्या घरी मी या चारच्या पुढे जाऊ देत नाही, कारण कुठल्या तरी पट्टीतून नकळत आणखी पाचशे येतातच, आणि ते आले तरी मग माणूस हद्दीत राहतो. सर्दीची गोळी चालू असेल तर तिच्यातलं पॅरासिटामॉल याच चारमध्ये धरायचं. नाहीतर नुसत्या शिंका-नाकाची, पॅरासिटामॉल नसलेली गोळी मागा, तशीही मिळते. वेळ लिहून ठेवा. आमच्या आई दिनदर्शिकेच्या चौकटीत पेन्सिलीनं 'सहा, बारा' असं लिहायच्या. दोन सुना आणि एक मुलगा पाळीपाळीनं औषध देत असतील तर त्याहून चांगली युक्ती नाही. बाराला दिलेली गोळी एकीला माहीत नसते आणि दुसरी साडेबाराला देते, हे मी पुष्कळ पाहिलंय.

तुमच्या लेकीचं. लहान मुलाला वयावर नाही, वजनावर द्यायचं, किलोमागे १५ मिलिग्रॅम. १४ किलोला २१० होतात. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवा आणि दिवसात चारच्या वर देऊ नका. आता गोम अशी आहे की बाळाचे ड्रॉप्स हे सिरपपेक्षा पातळ नसतात, उलट जास्त कडक असतात. बाळाच्या पोटात थोडंच मावतं म्हणून थोड्यात जास्त औषध घातलेलं असतं. तुमच्या फोटोतल्या बाटलीवर एका मिलीत १०० मिलिग्रॅम असं आहे. चमचाभर म्हणजे ५ मिली दिले असते तर पोरीला ५०० गेले असते, हव्या त्या डोसाच्या दुपटीहून जास्त. त्याच ड्रॉप्समधून तिचा डोस होतो साधारण २ मिली, आणि तोही बाटलीबरोबरच्या ड्रॉपरनं मोजून.

सिरपातही दोन प्रकार आहेत. साध्या सिरपात ५ मिलीला १२० किंवा १२५ असतं, त्यातून तिला ८ मिली लागेल. दुसरं ५ मिलीला २५० वालं, त्याच्या नावापुढं बहुतेक 'डीएस' किंवा '२५०' असतं, त्यातून ४ मिली पुरे. बाटल्या आणि रंग सारखेच दिसतात, त्यामुळे मागच्या वेळची बाटली संपून नवी आणली की मागच्याच मापानं देऊ नका, आधी आकडा वाचा. घरातला चमचा वापरू नका. आमच्याच स्वयंपाकघरातले दोन चमचे मी एकदा सिरिंजनं मोजले, एकात ३ मिली भरलं आणि दुसऱ्यात साडेसहा. बाटलीच्या झाकणावरच्या मापानं किंवा सुई नसलेल्या सिरिंजनं द्या. सिरिंज दहा-पंधरा रुपयांत मिळते. औषध देऊन पोरीनं लगेच सगळं ओकून टाकलं तर एकदा परत देता येतं. अर्ध्या तासानं ओकली तर परत द्यायचं नाही, पुढच्या वेळेची वाट बघायची. ती खेळत असेल, पाणी पीत असेल तर १०० तापाला औषध द्यायलाच हवं असं नाही. ती निपचित पडली, लघवी कमी झाली किंवा अंगावर पुरळ उठलं तर मात्र तिलाही त्याच दिवशी दाखवा. आणि बाळाचे ड्रॉप्स जाऊबाईंना परत करा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं तर घरचं औषध न देता थेट डॉक्टरांकडे न्यायचं असतं, हे त्यांनाही सांगा.

राहता राहिली पुडी. तुम्ही फोनवर म्हणालात, तीत तीन रंगांच्या गोळ्या होत्या, एक पिवळी गोल, एक गुलाबी आणि एक पांढरी लांबट, मध्ये रेघ असलेली. त्या पांढरीनं मला अजून स्वस्थता नाही. मिरजेतल्या डॉक्टरांना ती दाखवलीत का, ते कळवा. आणि गावातल्या डॉक्टरांकडे माणूस पाठवून पुडीत आणि इंजेक्शनात काय होतं ते कागदावर लिहून आणा. रागानं नको, नुसतं विचारून. माझ्या बेरजेत ती एक जागा अजून रिकामी आहे.